बीपच्या आधी

फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागच्या गल्लीत अंबिका पागे यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. धारहून लग्न होऊन त्या उज्जैनला आल्या तेव्हा नवरा मिलमध्ये होता. मिल बंद पडली, नवरा घरी बसला आणि सुईदोऱ्यावर घर चालवायची वेळ आली. तेव्हा पहिलं काम दिलं ते उषाताई दिघ्यांनी. त्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. स्वतःचे ब्लाऊज तर दिलेच, पण सगळ्या शिक्षिकांना त्या या दारात घेऊन आल्या. “हाताला सफाई आहे हिच्या,” एवढंच म्हणायच्या आणि बाया माप द्यायला उभ्या राहायच्या.

पुढे अंबिकाबाईंचं नाव झालं. नवरा गेला, मुलगा नोकरीला लागला, सून ऋचा आली. उषाताई रिटायर झाल्या, एकट्या राहू लागल्या. आता त्यांचे फोन यायचे. ब्लाऊज झाला का, बाही जरा ढिली कराल का, मागचा गळा वर घ्याल का. मग गोष्ट निघायची ती शाळेवर जायची, तिथून गुडघ्यांवर. अंबिकाबाई खांद्यात फोन दाबून ‘हूं, हूं’ करत आणि मशीनवरचा पाय काढत नसत.

लग्नसराईत तर फोनच फोन. अर्धे उचलताच येत नसत आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाई. म्हणून ऋचानं दुकानाच्या नंबरवर एक सोय घेतली. फोन उचलला गेला नाही की आधी आपलं रेकॉर्ड केलेलं बोलणं वाजतं, मग बीप होतो, आणि समोरच्यानं ठेवलेला निरोप मोबाईलवर येतो.

काय बोलायचं ते दोघींनी बसून ठरवलं. ऋचाचं म्हणणं, छोटं हवं, नाहीतर लोक मध्येच कट करतात. कोण बोलतंय, का उचलत नाही, काय सांगून ठेवायचं आणि उलट फोन कधी येईल, बस. अंबिकाबाईंना ते फार कोरडं वाटलं. त्यांनी त्यात आपलेपणा घातला. आधी हिंदीत, मग मराठीत: “नमस्कार, जय महाकाल. मी अंबिका पागे. आत्ता हात मशीनवर आहेत म्हणून फोन घेता येत नाही, राग मानू नका. बीप झाल्यावर आपलं नाव, नंबर आणि काम सांगा. संध्याकाळपर्यंत मी स्वतः फोन लावीन. तुमचा फोन आला की बरं वाटतं.”

रेकॉर्ड करताना बोलणं संपलं की हॅशचं बटण दाबायचं होतं. नाही दाबलं तर ठरावीक वेळ भरेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच राहतं. अंबिकाबाईंनी शेवटचं वाक्य अगदी लाडानं म्हटलं, फोन कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि बटण विसरल्या. ऋचानं पुन्हा लावून पाहिलं ते फक्त हिंदीपर्यंत. “बढिया आलंय आई,” म्हणाली आणि तसंच चालू करून टाकलं.

त्यानंतरचे काही दिवस निरोपांत काहीच नसे. नुसता श्वास, रस्त्याचा आवाज, एकदा कुणाचंतरी दाबलेलं हसू. अंबिकाबाई म्हणाल्या, लोकांना अजून आदत नाही. बटणवाल्याच्या दुकानात दोघी ओळखीच्या बाया त्यांच्याकडे बघून गप्प झाल्या, तेही त्यांनी मनावर घेतलं नाही.

मग एका दुपारी पहिला धड निरोप आला. ऋचानं स्पीकरवर लावला.

“मी उषा दिघे. नंबर तुमच्याकडे आहेच. काम असं की, निळ्या ब्लाऊजची घाई नाही, सवडीनं झाला तरी चालेल. आणि अंबिका, बीपच्या आधी तुमचं घरचं बोलणं पण ऐकू येतं गं. तेवढं काढून टाक. लोक ऐकतात. बाकी आवाज छान आलाय तुझा.”

अंबिकाबाईंनी घरच्या दुसऱ्या फोनवरून दुकानाचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, मग त्यांचाच गोड आवाज आला. ‘तुमचा फोन आला की बरं वाटतं’ झालं, आणि लगेच त्याच आवाजात, पण साखर काढून टाकलेली: “चला, उषाताईंची कटकट तरी गेली. बाईला ना काम ना धाम, बोलायला कुत्रं नाही घरात, म्हणून ब्लाऊजचं निमित्त. एका बाहीसाठी अर्धा तास डोकं खाते.” मागे ऋचाचं हसणं. मग बीप.

त्यांची कानशिलं तापली. हे उषाताईंनी पूर्ण ऐकलं, बीपची वाट पाहिली, आणि सांगितलं होतं तसं नाव, नंबर, काम नीट क्रमानं सांगितलं. ऋचानं घाईघाईनं ते रेकॉर्डिंग पुसलं. सारखी सॉरी म्हणत होती, चूक माझी आहे, मी पूर्ण ऐकायला हवं होतं. अंबिकाबाई म्हणाल्या, “बटणाची चूक तुझी असेल. बोलले मी.”

तरी त्या दिवशी त्या उषाताईंकडे गेल्या नाहीत. निळा ब्लाऊज हातात घेतला, शिवला, उसवला, परत शिवला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन उषाताईंच्या घरी निघाल्या. वाटेत काय म्हणायचं ते जुळवत होत्या, आणि दार उघडल्यावर तोंडातून निघालं ते खोटंच. म्हणाल्या, ताई, ते तुमच्याबद्दल नव्हतं, दुसऱ्या एक उषाताई आहेत.

उषाताईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, “दुसऱ्या कुठल्या गं? शिक्षिका सगळ्या मीच आणल्या होत्या तुझ्याकडे. त्यांत दुसरी उषा नव्हती.”

अंबिकाबाईंना मान वर करता येईना. पहिल्या लाजेवर ही दुसरी चढली, आणि ही तर त्यांनी स्वतः चालत येऊन ओढवून घेतली होती. “चुकले,” त्या म्हणाल्या. “माझंच तोंड. खोटंही बोलले आत्ता.”

“मला कळत होतं,” उषाताई म्हणाल्या. “तू ‘हूं’ म्हणायचीस तेव्हा मशीन चालू असायची, ते ऐकू यायचं. पण कळणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं.” त्यांनी ब्लाऊज घडी करून ठेवला. घालून पाहिला नाही. चहा केला, ऋचाची चौकशी केली. रागावल्या असत्या तर अंबिकाबाईंना बरं वाटलं असतं.

नवं रेकॉर्डिंग अंबिकाबाईंनी एकटीनं, खोलीचं दार लावून केलं. “अंबिका पागे, ब्लाऊज शिलाई. आत्ता फोन घेता येत नाही. बीपनंतर नाव, नंबर, काम सांगा. संध्याकाळी फोन करते.” हॅश दाबलं आणि बीपपर्यंत दोनदा ऐकलं. बरं वाटण्याचं वाक्य त्यांच्या तोंडून निघेना.

उषाताईंचे फोन बंद झाले. अंबिकाबाई आता आपणहून लावतात, मशीन थांबवून. गुडघे कसे आहेत विचारतात, शाळेचा विषय काढतात. उषाताई गोड बोलतात, नेमकं तेवढंच उत्तर देतात, आणि दोन मिनिटांत म्हणतात, “ठेवते हं, तुला कामं असतील.”

फोन बंद झाल्यावर मशीन लगेच सुरू होत नाही. अंबिकाबाई आधी फोन नीट कट झालाय ना ते दोनदा बघतात, आणि मगच पाय मशीनवर ठेवतात.