जागेत कोणताही बदल नाही

लेकीच्या कारखान्याचं मागचं दार काही केल्या आईच्या डोळ्यांसमोरून हलेना. चहा गाळताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. दार साधंच, पत्र्याचं. पण परवा तिनं ते मागच्या बोळातून ढकलून पाहिलं, तर बोटभरही हललं नाही. आतून त्याला फोमच्या लाद्या छताला टेकेपर्यंत रचल्या होत्या, आणि लाद्यांना लागून सोल्यूशनचे चार डबे. फोम चिकटवायचं ते सोल्यूशन. डब्यावर ज्वाळेचं लाल चित्र.

कारखाना म्हणजे एकच लांबट खोली. सोफे, गाद्या, खुर्च्यांच्या बैठका. वडील गेले तेव्हा लेक बावीसची होती. तिनं कॉलेजची पुस्तकं माळ्यावर टाकली आणि तोंडात खिळे धरून वडिलांच्या जागी जाऊन बसली. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "मालक कुठं आहेत?" तर ही खिळे थुंकून म्हणायची, "मालकच बोलतायत, काय हवंय?" अकरा वर्षं झाली त्याला. सोल्यूशननं बोटांची सालं निघतात. "हातावरच्या रेषा गेल्या गं तुझ्या," असं आई म्हणाली की हिचं उत्तर तयार, "बरं झालं, कुणी भविष्य सांगायला नको."

लाकूड बघून ती त्याचं वय सांगेल, नुसत्या हातानं दाबून फोम किती टिकेल ते सांगेल. पण चार ओळींचा अर्ज म्हटला की तिला घाम फुटतो. म्हणून परवान्याचा अर्ज आईकडे. आई बी.ए. झालेली, अक्षर मोत्यासारखं. आणि दोघींची एक खास पद्धत होती: लेक कोऱ्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात आधीच सही करून ठेवायची. "वर काय लिहायचं ते तू लिही बाई. तुझं ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' आलं की मला झोप येते."

वर काय लिहायचं तेही ठरलेलं. प्रति, माननीय परवाना अधिकारी, परवाना विभाग, नगरपालिका. विषय, व्यवसाय परवान्याचे नूतनीकरण करून मिळणेबाबत. संदर्भ, जुना परवाना क्रमांक. सोबत जुन्या परवान्याची प्रत, मालमत्ता कराची पावती, भाडेकरार, ओळखपत्र. आणि मधोमध ते वाक्य, जे आईनं पहिल्या वर्षी विचार करून घडवलं होतं आणि नंतर दरवर्षी अर्जावरचं नुसतं साल बदलून उतरवलं होतं: 'सदर व्यवसायाचे स्वरूप, जागा, यंत्रसामग्री व साठा यांत मागील वर्षापासून कोणताही बदल झालेला नाही.'

परवा ती कारखान्यात गेली होती ती भिंतीवरच्या जुन्या परवान्याची प्रत काढायला. आत पाऊल टाकलं आणि आधी वास आला, मग डोक्यावर यंत्रांची घरघर. वर बघते तर फळ्या ठोकून पोटमाळा केलेला, आणि त्यावर दोघी शिवणाऱ्या वाकून बसलेल्या. वर जायला एक शिडी. शिडीच्या पायाशी नवा कंप्रेसर.

"हे कधी केलंस?"

"झाले चार महिने. वसतिगृहाच्या दोनशे गाद्यांचं काम आहे, आई. खाली जागा कुठाय?"

"आणि त्या उतरणार कशा?"

"शिडीनं. रोज उतरतात की!"

वरून धाकटी शिवणारी हसली. "मावशी, ही शिडी आमच्यापेक्षा म्हातारी आहे, पण अजून नोकरीवर आहे."

सगळ्या हसल्या. आईही हसली, आणि तेवढ्यात तिला कोपऱ्यात स्टेपल गनच्या वायरीचा जळका, काळा जोड दिसला. बाहेर पडून ती मुद्दाम मागच्या बोळात गेली आणि दार ढकललं.

"दार मोकळं कर आधी," तिनं फिरून येऊन सांगितलं.

"करते. गाद्यांचा माल गेला की करते." आणि सही केलेला कोरा कागद तिच्या हातात.

दोन दिवस तो कागद टेबलावर पडून राहिला. आई वरून लिहीत आली: प्रति, विषय, संदर्भ. त्या वाक्यापाशी पेन थांबलं. परवान्याची मुदत संपायला चारच दिवस उरले होते. बदल नाही असं लिहिलं तर ते लेकीच्या सहीवर लिहिलेलं खोटं. खरं लिहिलं तर काय होईल ते तिला नीट माहीत नव्हतं. अर्धा लिहिलेला कागद पिशवीत घालून ती नगरपालिकेत गेली.

परवाना विभागातला कारकून ओळखीचा. चष्मा कपाळावर, पुढे आवक नोंदवही. "या बाई! तुमचीच वाट बघत होतो. यंदा उशीर?"

"एक विचारायचं होतं. जागेत बदल झाला असेल तर?"

त्यानं चष्मा खाली घेतला. "केवढा?"

"पोटमाळा. कंप्रेसर. थोडा साठा."

"मग नुसतं नूतनीकरण नाही व्हायचं. बदलाचा अर्ज वेगळा. अग्निशमनचं ना हरकत लागेल, पाहणी होईल. आठ-दहा दिवस तरी जातील."

"आणि पाहणीत धोका दिसला तर?"

"टाळं." तो आवाज उतरवून म्हणाला, "बाई, कशाला मागं लागताय? नेहमीचं लिहा, पोच घ्या, घरी जा. बघायला कोण येतंय? तुमचा अर्ज तर आम्ही नमुना म्हणून लावलाय."

त्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथं काचेमागे तिचंच अक्षर होतं. नाव आणि क्रमांक कागदाच्या पट्टीनं झाकलेले, बाकी सगळं जसंच्या तसं. खाली उभा एक माणूस मान वर करकरून ते उतरवून घेत होता. हाताला रंगाचे डाग, काखेत थिनरची बाटली.

"तुमचं कशाचं दुकान?" तिनं विचारलं.

"रंगांचं. तुमच्या लेकीच्या समोरच की! आमच्या गल्लीत सगळ्यांनी यावरूनच लिहिलंय, मावशी. झकास वाक्य आहे. मी तर मागं गोदाम वाढवलं, पण हे लिहिलं की कुणी विचारत नाही."

आई बाकावर बसली. गल्ली कशी होती ते तिला ठाऊक होतं: भिंतीला भिंत लागलेली, मध्ये एक हातगाडी जाईल एवढी वाट. कितीजणांनी आपापल्या मागच्या दाराशी काय रचलंय, हे आता कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर सगळीकडे तिचं वाक्य होतं.

तिनं लेकीला फोन लावला. मागं यंत्रांचा आवाज.

"दार मोकळं केलंस?"

"आई, आज माल भरतोय. उलट आणखी लाद्या आल्यात. अर्ज दिलास का?"

"त्या दोघींना खाली बसव निदान."

"खाली पाय ठेवायला जागा नाही गं! तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. ठेवते, टेम्पो आलाय."

आई परत खिडकीशी गेली. "अर्जावरून पाहणीला आठ-दहा दिवस म्हणालात. आणि कुणी तक्रार केली तर?"

कारकुनानं नोंदवही मिटली. "तक्रार आली तर अग्निशमनवाले आजच येतात. पण बाई, नाव सांगावं लागतं. आणि ते आले की गाद्याबिद्या बघत नाहीत, सरळ टाळं ठोकतात. तुमची पोर आयुष्यभर तोंड बघणार नाही तुमचं."

"हं," आई म्हणाली.

तिनं पिशवीतून कागद काढला. सहीच्या भागाला हात न लावता, वरचा लिहिलेला मजकूर एका तिरप्या रेघेनं खोडला. यंदा लेकीच्या सहीवर काहीच लिहायचं नाही. ज्याला जे लिहायचं ते त्यानं खरं बघून लिहावं. मग ती जिन्याच्या आडोशाला गेली. तिथं फलकावर अग्निशमन केंद्राचा क्रमांक होता. दुपारचे दोन वाजत होते; जेवण आटोपून दोघी शिवणाऱ्या आता शिडी चढत असतील. आपलं पूर्ण नाव, लेकीचं नाव, आणि नातं काय तेही सांगायचं, असं ठरवून तिनं एकेक आकडा दाबला.