वरच्या छपराचं पाणी

आमचा दादा पत्र्याच्या पन्हळी बनवतो आणि रागावतो. दोन्ही कामं मन लावून करतो. पण त्या दिवशी त्याचा राग शंभर टक्के खरा होता, आणि माझाही.

आमच्या धाकट्या भावानं दादाच्या घराच्या अर्ध्या भागावर आपला मजला चढवला. त्याच्या छपराचं पाणी पाइपातून सरळ दादाच्या जुन्या पन्हळीत सोडायचं ठरलं. दादानं तेव्हाच बजावलं होतं, "जुनी पन्हळ एका छपरापुरती आहे. आता दोन्हींचं पाणी येणार. दिवसभरात पाऊस किती पडतो ते नको सांगू, जोराची सर आली की सेकंदाला किती येतं ते बघ. तीन सेकंदांत बादली भरेल! रुंद पन्हळ घे आणि दोन्ही टोकांना चार-चार इंची पाइप लाव."

"दुसरा पाइप माझ्या दर्शनी भिंतीवर येतो. बरं दिसत नाही," भाऊ म्हणाला. शोभेचं वेड आणि अकलेचं वाकडं!

दादा बाहेरगावी कामावर गेला आणि भावानं दुसऱ्याच माणसाकडून पन्हळ बदलून घेतली. रुंदी तेवढीच, एकाच टोकाला तीन इंची पाइप, आणि कौलांच्या कडा झाकाव्यात म्हणून पुढची कड मागच्यापेक्षा उंच. म्हणजे पन्हळ तुंबली की पाणी बाहेर नाही, भिंतीकडे पडणार.

त्या भिंतीला लागूनच आत, दादाच्या खोलीत, वहिनीचं पुस्तकबांधणीचं काम चालतं. एवढं एकच काम तिचं स्वतःचं, बाकी सगळं घराचं.

दादा परतला त्याच दुपारी सर आली. पाइप गुरगुरत होता, पण येईल तेवढं पाणी काही ओढेना. पन्हळ काठोकाठ भरली आणि भिंतीच्या माथ्यावरून धार थेट दाबाखाली ठेवलेल्या पुस्तकांवर आली. वहिनी पदरानं पुस्तकं टिपत होती. भाऊ दारात येऊन म्हणाला, "असा पाऊस वर्षातून एखाददोनदाच येतो. वहिनी, तुमचं सामान हलवा की दुसरीकडे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादानं शिडी लावली, पत्रा कापायची कात्री घेतली आणि खाली भावाच्या जिन्याचं दार होतं त्याच्या बरोबर वर पन्हळीच्या पुढच्या कडेत रुंद खाच कापली. घरातली धार बारीक होत होत थांबली. बाहेर मात्र भावाच्या नव्या ओट्यावर पाणी धो धो कोसळू लागलं.

"अरे, माझ्या दारात!" भाऊ किंचाळला.

"पाणी तुझंच आहे," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भाऊ पत्र्याचा तुकडा घेऊन खाच बुजवायला आला. वहिनी शिडी धरून उभीच होती. आजवर तिनं दिरापुढे आवाज चढवला नव्हता.

"आधी दुसरा पाइप, भावजी," ती म्हणाली, "आणि मग ही शिडी."