गेलेल्यांना हसवणारं पेज

भिवंडीत मी छोट्या धंद्यांची सोशल मीडियाची पेजं सांभाळते. चादरवाले, लग्नाचे हॉलवाले, बिर्याणीवाले, सगळे येतात आणि सगळ्यांचं मागणं एकच: व्हायरल करा. माझं डोकं तिथेच फिरतं. "आधी तुम्ही कोण ते सांगा," म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू मी त्याचं आधार कार्ड मागितलंय.

अंत्यविधीच्या सामानाचं दुकान चालवणारे एक काका आले, तेव्हा मात्र मीच चपापले. त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती भर दुपारी. एका बाजूला बांबू, दुसरीकडे पांढऱ्या कापडाचे तागे, भिंतीला मडक्यांची रांग. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू असायचे, त्याने जमीन थरथरायची आणि मडकी एकमेकांना हलकेच लागत राहायची. कोणीतरी दबक्या आवाजात बोलतंय असं वाटायचं. काका म्हणाले, सवय होते. मला शेवटपर्यंत झाली नाही.

जवळच नवं दुकान झालं होतं, चकचकीत, शववाहिका वगैरे असलेलं. गिऱ्हाईक तिकडे वळत होतं. पेजची कल्पना काकांच्या सुनेची. मी काकांना विचारलं, "तरीही जे लोक तुमच्याकडे येतात, ते का येतात?"

"सामान काय, सगळीकडं मिळतं," काका म्हणाले. "पन घरात माणूस गेला की कुनाला कायपन सुचत न्हाय. ते इचारतात, मी सांगतो. दुसरं काय हाय आपल्याकडं?"

मला हवं होतं ते मिळालं. हे दुकान सामान विकणारं नव्हतं. घरात कोणी गेलं आणि हातपाय गळाले, की पुढची गोष्ट शांतपणे सांगणारं होतं. हीच ब्रँडची जागा. एकदा ती ठरली की पेजवर काय टाकायचं ते आपोआप ठरतं. आमच्या धंद्यात त्याला कंटेंट पिलर म्हणतात, म्हणजे ज्यांवर पेज उभं राहतं ते खांब. आमचे तीन निघाले. पहिला तास: डॉक्टरांना बोलावून दाखला घ्या, तोवर काय करायचं, काय करायचं नाही. मग कोणत्या समाजात कोणतं सामान लागतं आणि त्याची उघड किंमत. आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं. प्रत्येक पोस्टखाली एकच ओळ असायची: काहीही विचारा, आम्ही उत्तर देतो.

पेजवर रोज बसायचं काम सुनेचं होतं. पोरगी हुशार, दुकानासाठी जीव टाकणारी. पण तिचा चेहरा पडायचा. "ताई, व्ह्यूजच येत नाहीत हो!"

"अगं बाई, व्ह्यूज नको बघूस. पोस्ट किती लोकांनी सेव्ह केली ते बघ. 'पहिला तास' घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. शेलार गावाहून फोन आला ना परवा? तोच आपला माणूस."

तिला पटल्यासारखं वाटलं. मग तो ट्रेंड आला, जुन्या फोटोतली माणसं हलवण्याचा. फोटो ॲपमध्ये टाकायचा की फोटोतलं माणूस पापण्या मिटतं, मान वळवतं, हसतं. सुनेने आपल्या गेलेल्या सासूचा, म्हणजे काकूंचा, फोटो टाकला आणि मला न विचारता पेजवर चढवला.

दुकानात गेले तर काका मोबाईल हातात धरून उभे होते. पडद्यावर काकू वळल्या, हसल्या, पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या, पुन्हा वळल्या. थांबतच नव्हत्या. काका म्हणाले, "तिचं तोंड असं न्हाय वाकायचं," आणि मोबाईल पांढऱ्या कापडावर पालथा ठेवला. पालथ्या मोबाईलमधून व्हिडिओचं गाणं चालूच होतं.

"हे कुठल्या खांबावर उभंय गं?" मी सुनेवर भडकले. "ट्रेंडशी माझं वैर नाही. आपलं म्हणणं त्यात बसत असेल तर खुशाल घे. पण माणूस गेला हे लोकांना पेलता यावं म्हणून आपण आहोत, आणि तू सांगतेस की गेलेलाच नाही!"

"ताई, लाखांत गेलाय," ती म्हणाली. तिचा आवाज आनंदाने कापत होता. तिच्यापुढे माझं काय चालणार? कप्पाळ!

इनबॉक्स वाहू लागला. माहीत नसलेल्या गावांतून फोटो येत होते. आज्या, बाप्ये, पाळण्यातली लेकरं. "मेरी अम्मी को भी हँसा दो." यातला एकही माणूस भिवंडीच्या दुकानातून मडकं नेणार नव्हता. सून फोटो उघडायची, ॲपमध्ये टाकायची, परत पाठवायची. मजकूर वाचायची सवयच गेली होती. मी एकदा मागे उभी राहून बघितलं. मेलेली माणसं एकामागून एक तिच्या अंगठ्याखाली हसत होती आणि मडकी किणकिणत होती.

हे काम सोडते, असं सांगायला मी एका सकाळी गेले. जाण्याआधी आपली खरी गिऱ्हाइकं कुठे हरवली ते तिला दाखवावं म्हणून इनबॉक्स वाचत बसले. हसऱ्या चेहऱ्यांच्या ढिगात एक मेसेज होता, त्याच पहाटेचा. शेलारची मुलगी, नावगाव लिहिलेलं.

"काका, बाबा गेले. घरात मी एकटीच आहे. डॉक्टर येऊन गेले. तुमची पोस्ट वाचून सगळं केलं, पण डोळे मिटत नाहीयेत. काय करू?" खाली फोटो होता. गादीवर आडवा माणूस, पापण्या अर्धवट उघड्या.

त्याखाली आमच्या पेजचं उत्तर होतं. एक व्हिडिओ आणि लाल बदाम. व्हिडिओत तो माणूस डोळे पूर्ण उघडत होता, समोर बघून हसत होता.

त्याखाली तिचे मेसेज. "हे काय आहे?" मग, "काका, बाबा हसले का?" मग, "मी खोलीबाहेर बसले आहे. आत जायला भीती वाटते."

सुनेने वाचलं आणि मोबाईल काकांकडे दिला. काकांनी कापूस घेतला, कापड घेतलं, आणि आम्ही दोघं रिक्षाने शेलारला गेलो.

मुलगी उंबऱ्यावरच होती, दाराकडे पाठ करून. काका आत गेले. कापूस पाण्यात बुडवून त्यांनी पापण्यांवर ठेवला आणि वरून तळवा धरून बसले. "उशीर झालाय बाय," ते म्हणाले. "आमी येळेवर सांगितलं असतं तर लगीच मिटलं असतं. आता जरा धरावं लागंल." त्यांचा आवाज इतका ओशाळलेला मी कधी ऐकला नव्हता. मला सुनेचा, ट्रेंडचा, माझ्या अख्ख्या धंद्याचा संताप आला होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात काढला. डोळे मिटलेले होते. मुलगी दारापर्यंत आली, बघितलं, आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "हे पुसून टाका. बाबांचं तोंड आठवायला गेलं की हेच हसतं."

मी तिच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. पेजच्या इनबॉक्समधूनही काढला.

"गेला," मी म्हटलं.

तिने डोळे मिटून बघितलं.

"नाही गेला," ती म्हणाली.