पट्टी काढलीत की कुर्ता तुमचा

येरवड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून मी सुती कुर्ते विकायला लागले, तेव्हा माझा परतीचा नियम एका ओळीचा होता: 'आवडलं नाही तर परत करा.' माझ्या इन्स्टाग्रामच्या पानावर तो सगळ्यात वर लिहिलेला असे.

मग एक घेरदार अनारकली कुर्ता परत आला. सोबत निरोप होता, 'रंग आवडला नाही.' पप्पांनी घडी उलगडली आणि खोलीभर अत्तराचा वास पसरला. खांद्यावर ओढणीला लावलेल्या पिनेची दोन भोकं होती, काखेत पावडरचे पांढरे डाग.

"लग्न चांगलं झालेलं दिसतंय," पप्पा म्हणाले.

मी पैसे परत केले. लिहिलंच होतं तसं, इलाज नव्हता. पण पप्पांच्या मनाला ते फार लागलं. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत परिपत्रकांचे मसुदे लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर मसुदा लिहायला त्यांना पहिल्यांदाच काही मिळालं होतं. जेवण झाल्यावर चष्मा लावून बसले आणि मला वाचून दाखवलं: "सदर वस्त्र एकदाही अंगावर परिधान केल्याचे आढळल्यास ते परत घेतले जाणार नाही. खोटे कारण देणाऱ्या ग्राहकांची नोंद ठेवण्यात येईल."

"पप्पा, हे जरा कडक नाही होत?"

"कडक असेल तरच लोक वाचतात."

तेव्हा रागात मीही होते. जसंच्या तसं टाकलं.

नंतरचे दिवस विचित्र गेले. लोक विचारायचे, मापं मागायचे, 'रिटर्न आहे का?' म्हणायचे. मी नियम पाठवला की पलीकडे सामसूम. पप्पा म्हणायचे, "नुसते बघे होते." मला मात्र नव्या कुर्त्यांच्या गठ्ठ्याकडे बघवेना.

एका दुपारी मी भांडी घासत होते आणि फोन पप्पांनी उचलला. कसबा पेठेतल्या एक बाई बोलत होत्या. त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"अहो, आईसाठी कुर्ता हवाय. तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, हात वर जात नाही. तो तिच्या अंगात शिरतो की नाही हे घालून बघितल्याशिवाय मला कसं कळणार? आणि घातला की तुम्ही परत घेणार नाही म्हणता."

"ताई, परिधान म्हणजे..." पप्पा अडखळले. "म्हणजे वापर. घालून बघायला काहीच हरकत नाही."

"मग तसं लिहा ना! मी वाचलं तर मला वाटलं, माझ्यावरच संशय आहे."

फोन ठेवून पप्पांनी आपला मसुदा पुन्हा वाचला. मग भांड्यांशेजारी येऊन उभे राहिले. "चूक माझ्या शब्दाची आहे. घालून बघणारा आणि लग्न उरकून आणणारा, दोघांना मी एकाच वाक्यात बसवलं. शिवाय खराब निघालेला माल तर कायद्यानं परत घ्यावाच लागतो. तेही लिहायचं राहिलं."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं जमिनीवर बसलो. घालून बघणं आणि वापरणं यातला फरक दिसणार कसा, हा खरा प्रश्न होता. मार्ग पप्पांनीच काढला: कुर्त्याच्या छातीवर पुढे दिसेल अशी हातभर लांब नाही, पण तळहाताएवढी कागदी पट्टी. तिचा प्लॅस्टिकचा दोरा एकदा तोडला की पुन्हा लागत नाही. घरी आरशासमोर ती खटकत नाही; मात्र ती मिरवत लग्नाला कोणी जात नाही.

मग वाक्यं लिहिली. पप्पा 'सदर' घालायचे, मी काढायची. शेवटी उरलं ते असं:

'घरी निवांत घालून बघा. बसला नाही किंवा आवडला नाही, तर मिळाल्यापासून सात दिवसांत कळवा. कुर्ता न धुतलेला आणि पट्टी जागेवर असली, की बदलून देऊ किंवा पैसे परत करू. माप बदलायचा खर्च आमचा; आवडला नाही म्हणून परत करायचा झाल्यास पाठवण्याचा खर्च तुमचा. पट्टी काढलीत की कुर्ता तुमचा झाला. पण आमच्याकडूनच चुकीचा किंवा खराब आला असेल, तर पट्टी असो वा नसो, आमच्या खर्चानं परत घेऊ.'

'नोंद ठेवण्यात येईल' हे वाक्य पप्पांनी स्वतःच खोडलं. जरा जड हातानं.

मी कसब्यातल्या ताईंना तेच पाठवलं. त्यांनी पुढून बटणं असलेले दोन मापांचे कुर्ते मागवले. आठवड्याच्या आत एक परत आला, पट्टी जागच्या जागी. घडी इतकी सुरेख होती, की पप्पांनी ती मोडायलाच नकार दिला. "तपासायचा तर आहे ना?" मी म्हटलं. मग त्यांनी तो हळूच उलगडला, खांदे पाहिले, वास घेतला आणि खुशीत मान हलवली.

अजूनही अधूनमधून कुणीतरी पट्टी कापून 'आपोआप निघाली' म्हणून कळवतं. त्यांचे फोन पप्पा घेतात. आवाज न चढवता, अगदी आदरानं ते विचारतात, "मग कसा वाटला आपल्याला कुर्ता?" बहुतेक जण हसतात आणि कुर्ता ठेवून घेतात.