मे महिन्यातले डोंगळे

शाळेतून निवृत्त झाले तरी माझं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. तीस वर्षं भूगोल शिकवला, पेपर तपासले, आणि घरी बसायची वेळ आली तेव्हा नाशिकच्या आमच्या पक्षीनिरीक्षक मित्रमंडळींनी माझ्यापुढे नवे पेपर आणून टाकले. जिल्ह्याची पक्ष्यांची यादी करायची होती. लोकांनी आपापले फोटो पाठवायचे, आणि मी आणि आणखी एका गृहस्थांनी ते तपासायचे. ते गृहस्थ स्वभावाने मऊ. सगळ्यांना पास करायला निघालेले. म्हणून कडकपणाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही.

माझी पद्धत साधी होती. फोटो आला की आधी पक्ष्याकडे बघायचंच नाही. आधी विचारायचं, कुठे काढला आणि कधी काढला? सारख्या दिसणाऱ्या दोन पक्ष्यांची चोच आणि शेपटी ताडून बघत बसण्यात अर्धा दिवस जातो. ठिकाण आणि तारीख कळली की त्यातला एक बऱ्याचदा आपणहून गळतो. त्र्यंबकेश्वरच्या कड्यावरचं गिधाड लांब चोचीचं. त्याच्यासारखंच दिसणारं बारीक चोचीचं गिधाड हिमालयाच्या पायथ्याला आणि आसामात राहतं, ते इकडे कशाला येईल? धोबी पक्ष्याचंही तसंच. पांढरा धोबी थंडीपुरता पाहुणा, उन्हाळा लागला की उत्तरेला पळतो. पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी मात्र बारा महिने इथेच. मग मे महिन्यात धरणाच्या दगडावर पाठमोरा धोबी दिसला तर तो कोण, हे मी चष्मा न लावताही सांगू शकते. असं मी चारचौघांत म्हणतही असे. आता आठवलं की कान गरम होतात.

जूनमध्ये आम्ही आवाहन केलं आणि फोटोंचा ढीग आला. त्यात सटाण्याकडच्या एका एसटी कंडक्टरांचा पेनड्राइव्ह होता. या गृहस्थांनी जानेवारीच्या सुरुवातीला, पहिल्यांदाच, स्वतःच्या हौशीने कॅमेरा घेतला होता. गाडी शेवटच्या गावी जाऊन उभी राहिली की परत निघेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात चहा प्यायच्या ऐवजी हे बांधावर जाऊन पाखरं टिपायचे. प्रत्येक फोटोसोबत गावाचं आणि थांब्याचं नाव व्यवस्थित लिहिलेलं. तारीख लिहिलेली नव्हती, कारण ती फोटोच्या फाइलमध्ये असतेच.

ती मी बघितली. एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे. आणि नावं काय लिहिलेली? पांढरा धोबी, माळभिंगरी, थंडीत येणारा स्पॅरोहॉक. सगळे हिवाळी पाहुणे, भर उन्हाळ्यात! मी कपाळाला हात लावला. एकेक फोटो घेऊन लाल पेन चालवलं. भिंगरी असेल तर बारमाही राहणारी तारवाली. स्पॅरोहॉक नव्हे, आपला नेहमीचा शिक्रा. रोज संध्याकाळी दोन-तीन निकाल त्यांना फोनवर कळवायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"बरं मॅडम. तुम्ही म्हणतात तर तेच असंल."

एकदाच ते जरा अडखळले. "मॅडम, थंडी व्हती तवा. मना आंगवर स्वेटर व्हतं, असं वाटस."

"आठवणीवर यादी होत नाही," मी म्हटलं. "फाइल काय म्हणते ते बघायचं."

"बरं मॅडम."

असे अकरा फोटो झाले. बारावा गरुडाचा. बाभळीच्या शेंड्यावर बसलेला मोठा तपकिरी गरुड, खाली नाव लिहिलेलं स्टेप ईगल. हा मध्य आशियातून थंडीत येतो आणि उन्हं तापायच्या आधी निघून जातो. त्याच्यासारखाच दिसणारा टॉनी ईगल वर्षभर आपल्याकडे. फाइलवर तारीख बारा मे. मी फोन लावला आणि टॉनी म्हणून सांगितलं.

मग ते म्हणाले, "मॅडम, ह्या गरुडना पायी मी तीन दिवस त्या बाभूळखाली बसनू. पुस्तक उघडून टिपण काढं. आख्ख्या डेपोला सांगी बसनू. आते बारापैकी बारा चुकनात म्हणजे मनी नजरच खोटी शे. कॅमेरा विकी टाकस."

माझ्या शाळेत नापास झालेली मुलं रडायची, भांडायची, पालकांना घेऊन यायची. पण पन्नाशीचा माणूस इतक्या शांतपणे स्वतःच्या नजरेवरचा विश्वास काढून घेतोय, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला फार वाईट वाटलं. "आज काही ठरवू नका, मी पुन्हा बघते," असं म्हणून मी फोन ठेवला. पुन्हा बघण्यासारखं काही आहे असं मला मुळीच वाटत नव्हतं, नुसती समजूत काढली होती.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शब्दाला जागायचं म्हणून फोटो उघडला. पक्ष्याचा निकाल तर लागलेला, म्हणून उगाच इकडेतिकडे बघू लागले. बाभळीच्या मागे शेत होतं आणि त्यात पांढरे गोल ठिपके, शेकड्यांनी. कॅमेऱ्याची काच खराब असावी असं वाटलं. विचारायला फोन लावला.

"ते ठिपके? मॅडम, ते डोंगळे शेतस."

डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याला येणारे फुलांचे गेंद. दांड्याच्या टोकाला पांढरा चेंडू. हे मलाही माहीत होतं, सिन्नरला मामांच्या मळ्यात लहानपणी पाहिलेले.

"डोंगळे मे महिन्यात असतात?" मी विचारलं.

"मे मां?" ते हसले. कालपासून पहिल्यांदाच हसले असावेत. "मे मां काय ठेवेल शे? तवलोंग बी झोडीसन घरमां येस. हे फेब्रुवारीनं शे."

बी मेपर्यंत झोडून घरात आलेलं असतं, आणि फाइल म्हणत होती बारा मे.

"तुमच्या कॅमेऱ्याच्या कार्डात असा एखादा फोटो आहे का, ज्याची तारीख तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे?"

त्यांनी डेपोतल्या झेंडावंदनाचा फोटो पाठवला. फाइलवर तारीख सव्वीस एप्रिल. इतकं झाल्यावरही माझ्यातली परीक्षक मेली नव्हती. मी म्हटलं, महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन असेल, घड्याळ पाच दिवस मागे असेल. त्यांनी नुसतं सांगितलं, "मॅडम, मागनी फळी वाचा." खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, प्रजासत्ताक दिन. खाली रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या अंगात स्वेटर.

कॅमेरा नवीन घेतला तेव्हा तारीख विचारणारा पडदा आला होता. दिवस आणि वर्ष त्यांनी बरोबर टाकलं, महिना जानेवारीऐवजी एप्रिल पडला. घड्याळ तेव्हापासून तीन महिने पुढे. गरुडाचा फोटो झेंडावंदनानंतर सोळा दिवसांनी काढलेला, म्हणजे अकरा फेब्रुवारी. स्टेप ईगल त्या दिवसांत सटाण्याकडे, बागलाणात असायला काहीच हरकत नव्हती.

नुसती हरकत नसणं पुरेसं नसतं, म्हणून मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. पक्ष्याकडे बघितलं. गरुडाच्या तोंडाची पिवळी कड टॉनीची असती तर डोळ्याच्या मध्यापर्यंत येऊन थांबली असती. ही थेट डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत गेलेली. फोटोत स्वच्छ दिसत होतं, काल संध्याकाळीही दिसतच असणार. दुसऱ्या तपासनीस गृहस्थांना पाठवलं. ते म्हणाले, स्टेपच आहे, आणि हळूच विचारलं की बाकीच्या अकरांचं काय.

बाकीचे अकरा मी दोन दिवस बसून तपासले, या वेळी चष्मा लावून. नऊ त्यांचे बरोबर निघाले. दोन ठिकाणी मात्र मीच बरोबर होते. एका धोब्याला तर अशी ठसठशीत पांढरी भुवई होती की तो कुठल्याही महिन्यात मोठा धोबीच. तेवढाच जिवाला आधार.

हे फोनवर सांगणं बरं दिसेना. नाशिकहून सटाण्याची एसटी पकडली आणि त्यांना स्टँडवरच्या कँटीनमध्ये गाठलं. ड्यूटी संपवून आले होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग खांद्यावरच्या पिशवीतून एक शाळकरी वही काढून माझ्यापुढे सरकवली.

प्रत्येक पानावर एक पक्षी. वर गाव, थांबा, वेळ, मग पक्ष्याचं वर्णन, मग नाव. बारा पानांवर ते नाव एका सरळ रेघेने खोडलेलं, फूटपट्टी लावून. बाजूला मी सांगितलेलं नाव लिहिलेलं. आणि त्याच्या खाली, प्रत्येक वेळी, बारीक अक्षरात दोन शब्द. चूक माझी.

चहावर साय धरली. मी पर्समधून लाल पेन काढलं, पहिलं पान उघडलं, मी सांगितलेलं नाव खोडलं, त्यांचं नाव पुन्हा लिहिलं. त्यांचे दोन शब्द खोडून शेजारी माझ्या अक्षरात लिहिलं, चूक माझी. मग दुसरं पान.

"मॅडम, एकदाच लिवा ना, कशाला एवढं," ते संकोचून म्हणाले. आजूबाजूचे ड्रायव्हर बघत होते.

"दहा वेळा चुकले तर दहा वेळा लिहीन."

"तुमनी काय चूक? घड्याळ तर मना कॅमेरानं चुकेल व्हतं."

"तुम्ही थंडी होती म्हणाला होतात," मी म्हटलं. पुढचं पान उघडलं.

पोरांना शंभर वेळा लिहायला लावायची मी, पण दहा वेळा लिहायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळलं. शेवटी गरुडाचं पान आलं. स्टेप ईगल असं जरा मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही करून वही त्यांच्याकडे दिली. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, सगळं नीट वाचलं, रुमालाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. कॅमेरा विकण्याबद्दल काही विचारावं असं माझ्या मनात होतं. तेवढ्यात त्यांनी वही परत माझ्यापुढे ठेवली आणि सहीच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"तारीख राहिनी, मॅडम," ते म्हणाले. "आन ठिकाण बी."