तुमी घरच्याच की

माझी बायको ब्लाउज डिझाइन करते. विश्रामबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीत चौकटीवर कापड ताणून ती आरीच्या बाकदार सुईनं मणी, जरतार भरत बसते. नोकरी सुटल्यावर इन्स्टाग्रामवरच्या कमेंटना उत्तरं द्यायचं काम मी मागून घेतलं. मी घुमा माणूस. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं, असं वाटलं.

एका मोरपंखी ब्लाउजच्या फोटोखाली वाईच्या एका बाईंनी लिहिलं, "लय भारी. पण रेट जास्त वाटतोय, कमी करा की." आमच्याकडं दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मी लिहून टाकलं, "तुमी घरच्याच की ताई, करू कमी."

दुपारपर्यंत खाली रांग लागली. "मग आमी कोण परके?" "आमालाबी बघा की." आणि त्यात पलूसची एक बाई होती. भावाच्या लग्नासाठी तिनं तसलाच ब्लाउज पूर्ण दरानं नेला होता. तिनं एवढंच विचारलं, "मी घरची नव्हते व्हय?"

फोन बायकोपुढं धरला. तिनं सुई ठेवली.

"पुसून टाकू?" मी म्हणालो.

"आवं, वाचलं की सगळ्यांनी. आता पुसलं तर लबाड दिसू." मग हळूच म्हणाली, "मला सांगा, तुमालाच माझा रेट जास्त वाटतोय का?"

खरं सांगायचं तर वाटत होता. तासन् तास मान खाली घालून ती बसते, हे रोज बघूनही मनात मी त्याला बायकांचा विरंगुळाच धरत आलो होतो. दर सांगताना लाज वाटायची ती मला, तिला नव्हे. ते त्या दिवशी पहिल्यांदा तिला सांगितलं. तिनं माझ्या हातातला फोन घेतला.

वाईच्या बाईंना तिनं तिथंच, सगळ्यांसमोर लिहिलं: "ताई, नक्षी आवडली, छान वाटलं. हे सगळं हातकाम आहे, म्हणून दर सगळ्यांना हाच. बजेट सांगा, त्यात बसेल असं काम सुचवते. नुसत्या बाह्यांवर केलं तरी उठून दिसेल." मग फोन माझ्या हातात दिला. "पलूसचं तुमी लिवा."

मी लिहिलं, "ताई, कमी करू म्हणालो ती चूक माझी. दर कुणालाच वेगळा नाही. तुम्ही दिलेला दर कामाचाच होता."

वाईच्या बाईंनी बाह्यांचं काम ठरवलं. कमीचा विषय पुन्हा काढला नाही. पलूसचं उत्तर संध्याकाळी आलं. "बरं वाटलं दादा. नणंदेला घिऊन येते. तिला मातर घरची म्हनू नका, लगीच हात आखडंल."

बायको हसली. मी विचारलं, "त्या नणंदेला पूर्ण दर मी सांगू?"

"सांगा," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली.