डायरेक्टरची प्रदक्षिणा

माझा मावसभाऊ ललित हिंमतराव पाटील शहाद्यात स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ चालवतो असं म्हणायचं, बाकी स्टुडिओत चालतो तो मी. मी दिनेश, एडिटिंग करतो, वायरी गुंडाळतो, गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो. ललित काचेच्या केबिनमध्ये गॉगल लावून बसतो. एसीच्या खोलीत गॉगल कशाला, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "दिनेश, डायरेक्टरनी नजर लोकेस्ले दिसाले नही पाहिजे." म्हणजे लोकांना हा काय बघतोय ते कळू नये. तो काही बघतच नव्हता, हा भाग वेगळा.

एके काळी हा माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन वरातीपुढे उलटा चालायचा. आता पोट सुटलंय. भाड्याची पोरं शूट करतात आणि हा "कन्सेप्ट" देतो. कन्सेप्ट म्हणजे मोबाइलवर दुसऱ्याचं पाहायचं आणि "आस्सं करा" म्हणायचं. कॉम्प्युटरच्या एआयने तेही काम सोपं केलं. कुठलाही व्हिडिओ त्याला नमुना म्हणून द्यायचा. त्या व्हिडिओतला कॅमेरा जसा फिरला, तसाच नव्या व्हिडिओत फिरतो. दृश्य मात्र आपण शब्दांत सांगू ते. नमुन्यातून फक्त चाल उचलायची, चेहरामोहरा नाही. हे ऐकलं त्या दिवशी ललितने मला पेढे आणायला पाठवलं. दुसऱ्याची चाल उचलणं हा त्याचा जन्मजात धंदा, त्याला आता मशीनही मिळालं.

त्याची आई, माझी धनुमावशी, म्हसावदला एकटी राहते. मोटरसायकलवर अर्धा तासही लागत नाही. मी दर आठवड्याला डबा आणायला जायचो, की तिचा प्रश्न ठरलेला, "ललित कव्हय येवाव शे रे?" कधी येणार, एवढंच. मी म्हणायचो, काम आहे. ती मान हलवायची आणि डब्यात दोघांच्या भाकरी भरायची. ललित त्या भाकरी केबिनमध्ये खायचा आणि म्हणायचा, "मायना हातले चव शे." चव होती, मग जाऊन खायला काय झालं होतं? पण पाय डायरेक्टरचे. ते असे उचलत नाहीत.

यंदा हिवाळ्यात आमच्याकडे कापडवाले श्रेणिकशेठ आले. त्यांच्या आजी मोहनबाई राजस्थानातून लग्न होऊन इथे आल्या, त्याला साठ वर्षं होऊन गेली. गुडघे गेलेत, खुर्चीवरून उठवत नाही. त्यांच्या माहेरचं जुनं देरासर, म्हणजे जैन देऊळ, पाडून तिथे नवीन बांधलंय, जुन्याचा एकही फोटो कुणाकडे नाही. आजीला त्याच जुन्या देरासरला एकदा प्रदक्षिणा घालायची होती. "आजी सांगतील तसं देऊळ करा," श्रेणिकशेठ म्हणाले, "आणि कॅमेरा असा फिरवा, की त्यांना आपणच चालतोय असं वाटलं पाहिजे."

ललितने गॉगल वर केला. "व्हयी गयं समजा."

आजींनी मारवाडीत सांगितलं, मी लिहून घेतलं. पांढरा दगड, दाराशी दोन हत्ती, बाजूला चिंच, कळसावर ध्वजा. ललितने नमुना म्हणून विलायती मोटारीची जाहिरात निवडली. तिच्यात कॅमेरा एका लाल गाडीभोवती गर्रकन फिरतो. निकाल झकास आला. एकदा हत्ती तीन उगवले, ते दुसऱ्या खेपेला दोन झाले. पडद्यावर पांढरं देऊळ, सोनेरी ऊन, कॅमेरा भोवती फिरतोय. ललित स्वतःच टाळ्या वाजवायला लागला.

आम्ही शेठजींच्या घरी टीव्ही लावून दाखवलं. मोहनबाईंनी हात जोडले आणि दुसऱ्याच क्षणी सोडले. डोळे गच्च मिटून म्हणाल्या, "ओ तो उल्टो फिरै है!"

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मोटारीभोवती कॅमेरा उजवीकडे सरकत गेला होता, त्यामुळे देऊळ चालणाऱ्याच्या डाव्या हाताला राहिलं. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विलायती मोटारवाल्याला काय त्याचं? आणि आमच्या डायरेक्टरला तरी काय? तो शेवटचा देवळात गेला होता तो शूटिंगला, तेही बूट घालून दारापर्यंत.

"किरकोळ काम शे," म्हणून ललितने परत येऊन तयार व्हिडिओच आरशासारखा उलटा केला. देऊळ बरोबर उजव्या हाताला आलं, पण दारावरच्या पाटीची अक्षरंही उलटी झाली. चिंच होती त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. आजींनी तिची बाजू स्वतः सांगितलेली. मी म्हटलं, "निकाल कशाला उलटवतोस? नमुना उलटव. मोटार उलटी दिसली तर आपल्याला काय, तिची फक्त चाल घ्यायची आहे. देऊळ पुन्हा शब्दांतून सरळच बनेल." ललितने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते तो आताच म्हणणार होता. शेठजींना फोनवर त्याने सांगितलंही, "मन्हा डोकामा एक आयडिया उनी."

दिशा सुधारली. पण आजी म्हणाल्या, चक्कर येते. येणारच. मोटारीची जाहिरात ती. कॅमेरा चाकाच्या उंचीवरून सुसाट सुटतो आणि शेवटी आभाळात उडी घेतो. "मैं पगां चालूं हूं, उडूं कोनी," आजी म्हणाल्या. मी पायी चालते, उडत नाही. ललितने वर्णनात 'हळूहळू चाला' लिहून पाहिलं, 'माणसाच्या उंचीवरून' लिहून पाहिलं, शेवटी 'कृपया'सुद्धा लिहिलं. एआयने शब्दांतून देऊळ घेतलं आणि चाल घेतली मोटारीचीच. मशीन बिचारं प्रामाणिक. त्याला जे दाखवाल ते ते करतं, जे म्हणाल ते नाही. या बाबतीत ते ललितच्या अगदी उलटं.

आता एकच उपाय उरला. कुणीतरी मोबाइल धरून, माणसाच्या चालीने, एखाद्या गोष्टीला उजवीकडे ठेवून फेरा घालायचा आणि तो नमुना द्यायचा. भाड्याची पोरं सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शूटिंगला गेलेली. मी घालतो म्हटलं तर ललितला ते रुचेना, कारण शेठजींपुढे तो "कॅमेरावर हात मन्हाच" बोलून बसला होता. त्याने स्टुडिओत हिरव्या पडद्यांच्या मधे पुतळा उभा केला आणि धापा टाकत त्याच्याभोवती फिरला. मशीनला काही उमगेना. चहूकडे हिरवंच, मागे धरायला काही खूण नाही. कॅमेरा वळला किती आणि सरकला किती, ते कळणार कसं? देऊळ नुसतं जागच्या जागी थरथरलं. रस्त्यावर केलं, तर रिक्षा नि म्हशी मधे येऊन सगळी चाल बिघडवत होत्या.

तेव्हा मी माझा डाव टाकला. "मोकळी जागा पाहिजे, मधे काहीतरी स्थिर पाहिजे, आणि मागे भिंत, झाड, रांजण, बैलगाडी असं खच्चून सामान पाहिजे. मावशीचं अंगण बघ."

"म्हसावदले जावानं?" तो असं म्हणाला, जसं काही मी काशीला पाठवतोय.

गेला. शेठजींचं काम हातचं जाईल या धाकाने गेला. मावशी दारात तांदूळ निवडत होती. सूप तसंच खाली ठेवून उठली. "उना का रे भाऊ! कितला दुबळा व्हयी गया!" शंभर किलोच्या देहाला दुबळा म्हणायला आईच लागते.

"माय, टाइम नही," ललित म्हणाला. अंगणाच्या मधोमध ठेवायला वस्तू शोधू लागला. तुळस भिंतीला लागून, तिच्याभोवती फिरता येईना. मावशी म्हणाली, "मी बठू का?" आणि उत्तराची वाट न पाहता प्लास्टिकची खुर्ची मधे ओढून बसलीसुद्धा. डोक्यावरचा पदर सारखा केला. मी कोंबड्या हाकलल्या.

"हालू नको हां," डायरेक्टरने हुकूम सोडला आणि मोबाइल छातीशी धरून आईभोवती फिरायला लागला. हळूहळू, तिला उजवीकडे ठेवून. गणपतीनेही आईबापाला असाच फेरा घातला म्हणतात, पण त्याला तो कशासाठी घालतोय हे माहीत होतं. आमचा गणपती स्क्रीनकडे बघत होता. पोट तेवढं सारखं.

फेरा पुरा होऊन तो तिच्यासमोर आला आणि मावशीने हालू नको हे विसरून हात वर केले. त्याचं डोकं धरून खाली ओढलं आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मोबाइलसकट ललित वाकला, नि मग सरळ झाला.

"बिघाडी टाकं ना माय!"

"मंग आखो एक चक्कर मार," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर इतकं उघड सुख होतं, की मला तिथे उभं राहवेना.

तो काही दुसऱ्यांदा फिरला नाही. दम लागला होता. "चालस," म्हणाला, चहासुद्धा न घेता गाडीत बसला. मी तो फेरा छोट्या तुकड्यांत कापून मशीनला दिला. पांढरं देऊळ पायी चालल्यासारखं हळूहळू फिरत गेलं, जराशा हिंदकळत्या पावलांनी. आणि फेरा संपून दाराशी आला तिथे कॅमेरा खाली वाकला, क्षणभर थांबला, मग उठला.

मोहनबाईंनी ते खुर्चीत बसून पाहिलं. कॅमेरा वाकला तेव्हा त्यांनीही मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी आलं. "कुण चाल्यो है?" त्यांनी विचारलं. "देव रै आगै झुकणो आवै है इणनै." याला देवापुढे वाकता येतं, असं त्या म्हणाल्या. ललित गॉगल काढून म्हणाला, "कन्सेप्ट मन्हाच शे, आजी." मला तिथेच त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

बातमी बाजारपेठेत पसरली. कुणाला कुलदेवीचं देऊळ हवं, कुणाला पडलेला वाडा, आणि सगळ्यांना तो शेवटचा "झुकणारा शॉट". मी म्हटलं, जुनाच नमुना वापरू. पण प्रत्येकाची चाल वेगळी. कुणाचा आजोबा लंगडा, कुणाची आई झपझप चालणारी. त्यामुळे आता दर पंधरवड्याला डायरेक्टर आईला फोन करतो, "माय, खुर्ची काढी ठेव, मी यी ऱ्हायनू." एवढंच बोलतो. तब्येत कशी आहे, हे विचारत नाही. जातो, तिच्याभोवती फिरतो, ती बोटं मोडते, हा वाकतो, "ओके शे" म्हणतो आणि निघतो. कॅमेऱ्याच्या स्टँडची सुद्धा माणूस याहून जास्त विचारपूस करतो.

गेल्या आठवड्यात डबा आणायला गेलो, तर मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. खुर्ची अंगणात मधोमध. दुपारी ललित येणार होता. माझा संताप आवरेना. म्हटलं, "मावशी, तो तुझ्यासाठी येत नाही. त्याला नमुना पाहिजे असतो. व्हिडिओत तू दिसतसुद्धा नाहीस, तिथे देऊळ दिसतं."

मावशीने भाकरी डब्यात रचल्या. आता एकाच्याच रचते. दुसऱ्याला ती गरम वाढू बघते, तो थांबत नाही तरी.

"माले समजस रे दिनेश," ती म्हणाली. "तो मन्हाकरता नही येस. पन येस ना!"

आणि रस्त्यावर गाडीचा आवाज झाला तशी ती उठून खुर्चीत जाऊन बसली.